कॉफी मशीनमधून नुसतं पाणीच येतं: पुन्हा पुन्हा होणारं दुखणं, त्याची तपासणी आणि पॅन्ट्रीत लावायची सूचना

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या मशीनचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

कॉफीचं बटण दाबलं की कप भरतो, गरमही असतो, पण रंग गढूळ पाण्याचा. असे तीन-चार कप पातळ येतात आणि मग अचानक एखादा इतका दाट आणि गोड येतो की तळाशी गाठी बसतात. फेस जवळजवळ नाहीच. मशीनची घरघर मात्र नेहमीसारखी, म्हणजे मोटर फिरतेय. सकाळच्या पहिल्या कपाला आंबूस वास. तोटीखाली तपकिरी ओघळ सुकलेले आणि ट्रेच्या कडेनं मुंग्यांची रांग.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर मशीन बिघडलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. ते तुंबलेलं असतं. आणि तुंबलेलं मशीन दुरुस्त करायला बाहेरचा माणूस लागत नाही, कोमट पाणी आणि कोरडं फडकं लागतं.

मी जळगाव एमआयडीसीत २२ जणांच्या ऑफिसात हिशोब बघतो. कॉफी मशीन हे माझं काम नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा ते मी उघडलं, आणि जो एकदा उघडतो तो कायमचा मशीनवाला ठरतो. तेव्हापासून हेच दुखणं मी किती वेळा काढलं याची मोजदाद नाही. दर वेळी मावशी दारात येऊन म्हणतात, "भाऊ, यामा नुसतं पानीच येस!" आणि मी वही मिटून उठतो.

आमचं मशीन प्रीमिक्सचं आहे, बहुतेक ऑफिसांत असतं तसं: दूध पावडर, साखर आणि कॉफी एकत्र असलेली पूड वरच्या डब्यात, आणि खाली पाण्याचा जार. बिया दळणारं मशीन असेल तर पुढचं बरंचसं लागू नाही.

तपासायच्या आधी आत काय घडतं ते दोन ओळीत. बटण दाबलं की डब्याच्या तळाशी असलेला आडवा स्क्रू ठरलेले काही सेकंद फिरतो आणि पूड पुढे ढकलतो. ती पूड छोट्या तोंडातून खालच्या प्लास्टिकच्या वाटीत पडते. त्याच वेळी वाटीत गरम पाणी येतं, खालची भिंगरी जोरात फिरून दोन्ही घुसळते आणि नळीतून कॉफी कपात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: मशीन पूड मोजत नाही, स्क्रू फिरल्याची वेळ मोजतं. स्क्रू फिरला पण पूड सरकली नाही, तरी मशीनच्या मते कॉफी झाली. म्हणून घरघर येते, कप भरतो आणि पाणीच येतं.

आता तपासणी. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. मधलं सोडून उडी मारू नका, कारण पहिल्या तीन पायऱ्यांना पैसा लागत नाही आणि निम्म्याहून जास्त वेळा तिथेच उत्तर सापडतं.

पहिली तपासणी: नुसतं गरम पाणी घ्या

गरम पाण्याचं बटण दाबून एक कप भरा. धार सलग आहे का, कप नेहमीएवढा भरतो का, वाफ दिसते का, एवढंच बघा. हे सगळं ठीक असेल तर पाण्याची बाजू सुटली. पंप, हीटर, जार यांच्या नादी लागायचं कारण नाही, दोष पुडीच्या बाजूला आहे.

धार तुटक येत असेल, मध्ये हवेचे फुगे फुटत असतील, तर जार बघा. आमच्याकडे जार बदलताना नळी वरच लोंबत ठेवून जाणारे दोन-तीन जण आहेत. नळीचं टोक जारच्या तळाशी पोचलंच पाहिजे. नाहीतर जारमध्ये चार बोटं पाणी असूनही पंप हवा ओढतो. नळी नीट बसवून दोन-तीन कप गरम पाणी काढलं की हवा निघून जाते. कोरडा पंप मात्र चालवत ठेवू नका, तो तापतो.

दुसरी तपासणी: चहा कसा येतो?

आमच्यासारखं दोन डब्यांचं मशीन असेल तर चहाचाही एक कप घ्या. फक्त कॉफी पातळ आणि चहा झकास, तर दोष कॉफीच्या डब्यात किंवा तिच्या वाटीत. दोन्ही पातळ असतील तर कारण दोघांना सामायिक असलेलं शोधायचं. बहुतेक वेळा ते ओल असतं, तिच्याबद्दल पुढे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण तिच्यामुळे चुकीचा डबा उपसण्याची वीस मिनिटं वाचतात.

तिसरी तपासणी: डब्याचं झाकण उघडा

वरून बघितलं तर डबा अर्धा भरलेला दिसतो. फसू नका. ओल लागलेली पूड एकमेकीला धरते, आणि स्क्रूच्या भोवतीची तेवढी पूड संपली की आत पोकळी तयार होते. वर छत आणि खाली भुयार. स्क्रू त्या भुयारात मोकळा फिरत राहतो. मग मशीनचं दार कुणीतरी आपटतं, छत कोसळतं आणि पुढच्या माणसाला दाट, गोड कप मिळतो. पातळ-पातळ-पातळ-दाट या तालाचं कारण हेच.

मशीन बंद करा, डब्याच्या बाजूवर तळहातानं दोन थापा मारा. पूड खाली बसली तर कोरड्या चमच्यानं हलवून घ्या. गाठी मऊ असतील तर मोडतील. खड्यासारख्या कडक असतील तर ती पूड चाळून परत भरायचा मोह आवरा आणि टाकून द्या. आमच्या आप्पांनी एकदा अर्धा किलो वाचवायला चाळणीनं चाळून भरली. चार दिवसांत पुन्हा तेच, कारण जी ओल पुडीनं पिऊन घेतली होती ती चाळून कुठे जाणार?

चमचा कोरडा म्हणजे खरोखर कोरडा. नुकता धुतलेला चमचा फडक्यानं पुसून डब्यात घातला की त्यावरचे दोन थेंब पुढच्या गाठीचं बी होतात.

चौथी तपासणी: वाटी, भिंगरी आणि नळी

पहिल्या तिन्हींत सापडलं नाही तर बहुतेक पाप इथे असतं, म्हणून इथे जरा थांबतो.

मशीन बटणावरून बंद करा, प्लग काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. वाटीत आणि नळीत गरम पाणी असतं, घाई केलेल्यांचे हात भाजलेले मी बघितले आहेत. मग दार उघडून वाटी फिरवून पुढे ओढा. आमच्या मशीनमध्ये ती एका खाचेत अडकलेली असते, तुमच्यात पाकळी असेल. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय, आधी मशीनसोबत आलेलं पुस्तक बघा.

आधी डब्याच्या तोंडाकडे बघा, जिथून पूड पडते. तिथे दाढी उगवल्यासारखा पुडीचा थर दिसेल. खालच्या वाटीतून वाफ वर चढते, ती तोंडाशी थंड होते, तिथल्या साखरेला पाणी सुटतं आणि पूड चिकटते. आज पेन्सिलीच्या टोकाएवढा थर, काही दिवसांनी तोंड बंद. मग पूड पडायला जागाच नाही.

वाटी, तिचं झाकण आणि नळी कोमट पाण्यात थोडा भांड्याचा लिक्विड साबण टाकून पंधरा मिनिटं भिजत ठेवा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं आणि मग वाटी नीट बसत नाही, गळते. तारेची घासणीही नको. ओरखड्यात दूध बसतं आणि तिथून वास सुरू होतो. नळीतून जुना टूथब्रश नाहीतर बाटलीचा बारीक ब्रश आरपार काढा. भिंगरी मशीनलाच राहते, ती ओल्या फडक्यानं पुसा आणि बोटानं फिरवून बघा. सहज फिरली पाहिजे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी: वाळवणं. वाटी धुतली, झटकली आणि ओलीच बसवली की पहिली पूड तिच्या कडेला चिकटते. म्हणजे स्वच्छतेनंच तुंबायची सुरुवात. आम्ही वाटी संध्याकाळी धुतो आणि रात्रभर फडक्यावर उपडी ठेवतो. आपल्याकडच्या हवेत एप्रिल-मेमध्ये तासाभरात खडखडीत वाळते, पण आषाढ-श्रावणात सकाळपर्यंत लागते.

हे न करण्याची किंमत एकदा मोजली आहे. मागच्या वर्षी आखाजीला सगळे गावी गेले. रविवार धरून तीन दिवस ऑफिस बंद, आणि शेवटच्या दिवशी वाटी कुणीच काढली नाही. एप्रिल अखेरचं ऊन, बंद खोली, वाटीत दुधाचा थर. परतल्यावर दार उघडलं तर वास असा की मावशींनी पदर नाकाला लावला. थर खरवडून निघेना, दोन तास भिजवला. पण तोवर सकाळी आलेल्या एकानं चार वेळा बटण दाबलं होतं. भिंगरी थरात अडकलेली, मोटर नुसती गुणगुणत राहिली आणि जळली. मोटर बदलून १,८०० रुपये गेले. भिंगरी फिरत नाही आणि मोटर गुणगुणतेय, तर दुसऱ्यांदा बटण दाबू नका. त्या दिवसापासून ते वाक्य सूचनेत आहे.

पाचवी तपासणी: वाफेचा पंखा आणि आजूबाजूची हवा

वाटी धुतली की दोन-तीन आठवडे सुरळीत जायला हवेत. आमचं मशीन मात्र मागच्या मेमध्ये दर पाच-सहा दिवसांनी तुंबायचं. मी रोज वाटी धुवत होतो, तरीही. बाहेर ४४ डिग्री, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. मग ओल येते कुठून?

बऱ्याच मशीनमध्ये वाटीवरची वाफ बाहेर ओढायला मागच्या बाजूला छोटा पंखा असतो. त्याची जाळी पुडीनं आणि धुळीनं माखली होती, म्हणून वाफ आतच कोंडायची. ती कोरड्या ब्रशनं साफ केली. तुंबणं कमी झालं, पण थांबलं नाही.

पक्कं कळावं म्हणून एक मोजमाप केलं. साडेदहाच्या वेळी, सगळे कॉफी घ्यायच्या आधी, डबा काढून स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला: १,६४० ग्रॅम. दहा जणांनी एकेक कप घेतला. पुन्हा ठेवला: १,५९५. म्हणजे दहा कपांत ४५ ग्रॅम, कपाला साडेचार. आमच्या पाकिटावर कपाला १२ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे १२० ग्रॅम जायला हवी होती. पाकिटागणिक हा आकडा थोडा बदलतो, तुमच्या पाकिटावरचा धरा. मग वाटी आणि डब्याचं तोंड साफ करून, वाळवून पुन्हा मोजलं: ११८ ग्रॅम. म्हणजे स्क्रू, मोटर, वेळेचं सेटिंग सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी मोजलं तर ८० ग्रॅम. फक्त तीन दिवसांत एवढा फरक, म्हणजे ओल जोरात येत होती.

कुठून, ते दुपारी पॅन्ट्रीत उभं राहिल्यावर कळलं. तिथे एसी नाही, कूलर आहे, आणि मेमध्ये मावशींच्या बाजूनं यावा म्हणून तो वळवून ठेवला होता. त्याची ओली झुळूक थेट मशीनच्या दारावर. खानदेशात उन्हाळ्यात कूलरशिवाय कुणाचं चालत नाही, पण बाहेरची कोरडी हवा पुडीला जितकी चांगली तितकीच कूलरची ओली हवा वाईट. आम्ही कूलर हलवला नाही, मशीन समोरच्या भिंतीला नेलं. पुढचे सव्वादोन आठवडे तक्रार नाही. पावसाळ्यात कूलर बंद असतो, पण बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा डबा निम्माच भरायचा आणि पूड लवकर संपवायची.

मोजमापाचा आणखी एक फायदा सांगतो. वर्षापूर्वी सर्विसला आलेल्या माणसानं "कॉफी पातळ आहे" ऐकून वेळेचं सेटिंगच वाढवून दिलं. तेव्हा तोंड तुंबलेलं होतं म्हणून कॉफी बरी लागली. आठवड्यानं मी वाटी साफ केली आणि कप बासुंदीसारखा गोड यायला लागला. साफसफाई झाल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका, दुसऱ्यालाही लावू देऊ नका. काटा सांगेल तेव्हाच सेटिंग बदलायचं.

सहावी तपासणी: पाणी कुठलं भरताय?

हे दुखणं हळूहळू येतं, म्हणून शेवटी. पाणी गरम व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, कप पूर्ण भरत नाही, गरम पाण्याच्या धारेत पांढरे कण दिसतात, तर क्षार साचलेत.

आमच्याकडे जार संपला आणि दुसरा आला नसला की कुणीतरी बोअरवेलच्या नळाखाली तो धरतो. तेच पाणी कूलरमध्ये जातं. कूलरच्या गवतावर हंगामाच्या शेवटी जो पांढरा खरबरीत थर दिसतो तोच मशीनच्या टाकीत, हीटरवर बसतो. पाण्यात विरघळलेला चुना तापल्यावर विरघळलेला राहत नाही, जिथे उष्णता जास्त तिथे चिकटतो. थर जाड झाला की हीटरची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही.

भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा ५४० निघालं. माणसाला प्यायला कदाचित चालेल, मशीनला नाही. हातात धरायचा टीडीएसचा पेन यात फार उपयोगाचा नाही, तो सगळे क्षार एकत्र मोजतो, चुना किती ते सांगत नाही. त्यापेक्षा हातावर साबण घ्या. फेस येत नसेल तर ते पाणी मशीनमध्ये नको.

साचलेले क्षार लिंबूसत्वानं निघतात हे खरं, पण बंद टाकीच्या मशीनमध्ये ते घरगुती अंदाजानं घालू नका. आत किती राहिलं ते कळत नाही, आणि सुटलेल्या खपल्या बारीक झडपेत अडकतात. हे काम सर्विसला येणाऱ्या मशीनवाल्याचं. आपण फक्त पाणी बदलायचं.

इथे थांबा, मशीनवाल्याला बोलवा

सरळ सांगतो. एमसीबी एकदा पडली तर वर करून बघा, दुसऱ्यांदा पडली तर प्लग काढा आणि फोन करा. मशीनला हात लावताना झिणझिण्या आल्या, जळका वास आला, प्लग किंवा वायर गरम लागली, तरी तेच. असं मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर चालवत असाल तर आजच थांबवा. आमच्या मशीनचा हीटर दीड किलोवॅटच्या वर आहे, त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र, अर्थिंग असलेला सॉकेट लागतो.

वाटी बसवली तरी तिच्या मागच्या बाजूनं, मोटरच्या दिशेनं पाणी ओघळत असेल तर आतली रबरी रिंग गेली आहे. ती स्वस्त असते, पण ते पाणी मोटरमध्ये गेलं तर खर्च दहापट. मशीनखाली पाणी साचत असेल, पाणी तापतच नसेल, किंवा वरच्या सहाही तपासण्या करून काट्यावर पूड अजून कमीच येत असेल, तरी थांबा. आपला नियम असा: हातानं निघतं तेवढं आपलं, ज्याला स्क्रूड्रायव्हर लागतो ते मशीनवाल्याचं.

फोन करताना लक्षण सांगा, निदान सांगू नका. "गरम पाणी ठीक आहे, चहा ठीक आहे, कॉफीला दहा कपांत ४५ ग्रॅम पूड पडतेय" एवढं सांगितलं की माणूस योग्य सामान घेऊनच येतो.

सूचनेबद्दल

आमची पहिली सूचना होती: "कॉफी मशीन स्वच्छ ठेवावे." सगळ्यांनी वाचली, कुणीच काही केलं नाही, कारण कुणी, कधी, काय करायचं ते तिच्यात नव्हतंच. दुसरी होती: "जो संपवेल त्याने भरावे." ती तर उलटीच पडली. जारमध्ये दोन बोटं पाणी, डब्यात तळाला चमचाभर पूड आणि कपांच्या गठ्ठ्यात एक कप, हे आठवडाभर तसंच राहायचं. संपवायचंच नाही म्हणजे भरायचंही नाही. माणसं हुशार असतात.

म्हणून आता संपण्याची वाट बघत नाही. डब्यावर बाहेरून लाल टेपची रेघ मारली आहे, आणि भरायची जबाबदारी माणसावर नाही, त्या आठवड्याच्या टेबलावर आहे. आमच्याकडे चार टेबलं आहेत, म्हणजे महिन्यातून एक आठवडा. साहेबांचं टेबलही यादीत आहे. ते नसतं तर बाकीच्या तिघांनीही केलं नसतं. मावशींना हे काम दिलेलं नाही. त्यांच्याकडे झाडलोट आहे, आणि कॉफी त्या पीतच नाहीत.

तिसरी सूचना खाली देतो. मशीनच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला, मोठ्या अक्षरात लावा. आपल्या मशीनप्रमाणे वेळा आणि आकडे बदलून घ्या.

---

पॅन्ट्री वापरणाऱ्या सर्वांना नम्र विनंती

या आठवड्याचं टेबल: ________

सकाळी, आल्यावर. रात्री वाळत ठेवलेल्या वाट्या कोरड्या आहेत ना ते बघून बसवाव्यात. धुण्याचं बटण एकदा दाबून ते पाणी टाकून द्यावं, मगच पहिला कप घ्यावा.

पूड भरताना. पूड लाल रेघेखाली गेली की भरावी, संपण्याची वाट बघू नये. एका वेळी एकच किलोचं पाकीट. आधी जुनी पूड कोरड्या चमच्यानं मोकळी करावी, कडक गाठी असतील तर काढून टाकाव्यात. कात्री आणि हात कोरडे असावेत. पूड दाबून भरू नये. उरलेली पूड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून तारीख लिहावी. कॉफीच्या डब्यात कॉफीच आणि चहाच्या डब्यात चहाच जाईल, एवढं कृपया दोनदा बघावं.

पाणी. जारमध्ये चार बोटं पाणी उरलं की जार बदलावा. नळी तळापर्यंत सोडावी. बोअरचं पाणी कृपया भरू नये. जार नसेल तर त्या दिवशी बाहेरचा चहा पिऊ, हरकत नाही.

संध्याकाळी पावणेसहाला. धुण्याचं बटण दोनदा दाबावं. मशीन बंद करून पंधरा मिनिटांनी वाट्या, झाकणं आणि नळ्या काढाव्यात, कोमट पाण्यानं धुवाव्यात आणि फडक्यावर उपड्या ठेवाव्यात. ट्रे रिकामा करून धुवावा. तोटी ओल्या फडक्यानं पुसावी.

सुट्टीच्या आदल्या दिवशी, मग ती रविवारची असो की आखाजीची, वाट्या मशीनमध्ये राहणार नाहीत याची खात्री करावी.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुडीचे डबे रिकामे करून धुवावेत आणि सोमवारपर्यंत उघडे वाळवावेत.

सर्वांसाठी. कप सांडला तर तेव्हाच पुसावा, मुंग्यांना साखर लांबून कळते. मुंग्यांचा खडू मशीनच्या आसपास मारू नये. मोटर गुणगुणतेय पण कॉफी येत नाही, असं झालं तर पुन्हा बटण दाबू नये. मशीनला थापा मारू नयेत, आतलं सेटिंग बदलू नये.

काही बिघडल्यास बाजूच्या वहीत दिवस, वेळ आणि काय आलं ते लिहावं: पाणी, गाठी की काहीच नाही. जळका वास, झटका किंवा मशीनखाली पाणी दिसल्यास प्लग काढावा. मशीनवाल्याचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे.